बेचाळीस अक्षरांची ओळ

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नका, त्यांनी बऱ्याच आधीच काढल्यात! मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मागे लागलेल्या मैत्रिणीला मी म्हटलं, "अगं, मला सध्या लिहिण्यासारखं एकच माहितीये आणि ते थाई भाषेत आहे." ती म्हणाली, "मग ते मराठीत लिही."

तर मंडळी, त्याचं असं झालं...

बाबा रायोंगला एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. त्यामुळे पहिली ते आठवी मी थायलंडमध्ये शिकले, तिथल्या एका कॉन्व्हेंटमध्ये. सिस्टर इंग्रजी शिकवायच्या, बाकी मधल्या सुट्टीतलं भांडण, डबा, खेळ, सगळं थाईत. मग आम्ही परत भोरला आलो. थाई हळूहळू जिभेवरून उतरली, पण डोळ्यांतून नाही गेली. अजूनही थाई अक्षरं दिसली की आपोआप वाचली जातात.

गेल्या वर्षी तिथल्या शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती आता रायोंगजवळच मेकॅनिकलचा डिप्लोमा करतेय. "एसओएम डोक्यावरून जातं," म्हणाली. (एसओएम! समुद्र ओलांडला तरी हे भूत तेच.) आपल्याकडच्या एका सरांनी लॉकडाऊनमध्ये, २०२०-२१ साली, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची बारा लेक्चर्स रेकॉर्ड करून ठेवली होती. सीनियर्सनी त्यांना इंग्रजी सबटायटल्सही टाइप केली होती. मी तिला लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, "सर छान शिकवतात, पण बोलतात एक्स्प्रेससारखे. इंग्रजी वाचेपर्यंत ओळ पळून जाते. तू थाई करशील का? आमच्या वर्गातल्या सगळ्यांनाच उपयोग होईल." सरांची परवानगी घेतली आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. बारा लेक्चर्स, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांची, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत उरकेल, असा माझा हिशोब!

सुट्टीत मी आजोळी, वेल्ह्याला होते. सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण चेलाडी फाट्यावर एसटीत चढणारा माणूस अजूनही "एक वेल्हे" असंच तिकीट मागतो. समोर तोरणा, मागे डोंगर, आणि मधे मोबाईलची रेंज जेमतेम. व्हिडिओ मी भोरहून उतरवून आणले होते. सबटायटलची फाईल म्हणजे नुसता मजकूर, एका लेक्चरची साठ-सत्तर के.बी.; ती पडवीच्या कोपऱ्यात फोन उंच धरला तरी जाते. त्यामुळे कामाला अडचण नव्हती. आजीने विचारलं, "काय एवढं खुडखुड करतेस?" सांगितलं. "थाई? ती कुठली भाषा आणि? आणि आपल्या मास्तरांचं तिकडच्या पोरांना कशाला?" याचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना वाटेल, भाषा येतेय ना, मग झालं. मलाही तेच वाटलं होतं. पण सबटायटल म्हणजे भाषांतर कमी आणि बॅगेत सामान भरणं जास्त. बॅगेचा आकार आधीच ठरलेला असतो. टेडच्या व्याख्यानांचं भाषांतर जगभरातले स्वयंसेवक करतात. त्यांच्यासाठीचे नियम मी उचलले. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, म्हणजे सगळं मिळून ८४. आणि वाचण्याचा वेग सेकंदाला २१ अक्षरांच्या वर जाता कामा नये. म्हणजे तुकडा पाच सेकंद दिसणार असेल तर मला पूर्ण ८४ अक्षरं मिळतात, आणि तीन सेकंद दिसणार असेल तर फक्त ६३.

आता पहिला प्रश्न हाच, की थाईत 'एक अक्षर' म्हणजे काय? आपल्याला हा प्रश्न लगेच कळेल, इंग्रजीवाल्यांना नाही कळणार. आपल्याकडे 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर आहे, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हं. थाईचं तसंच. लिपी मुळात आपल्याच घराण्यातली, दक्षिणेकडून तिकडे गेलेली. काही स्वर व्यंजनाच्या डोक्यावर बसतात, काही पायाशी, आणि त्यांच्याही डोक्यावर स्वराघाताची खूण बसते. म्हणजे एकावर एक तीन मजले! ही वरची-खालची चिन्हं मोजणीत येतात पण जागा खात नाहीत. म्हणून मी दोन मोजण्या ठेवल्या. वेळेसाठी सगळी चिन्हं मोजायची, कारण स्वराघात चुकला तर शब्द बदलतो, म्हणजे तो वाचावाच लागतो. आणि ओळीच्या रुंदीचा अंदाज घ्यायला फक्त जागा खाणारी:

```python
import unicodedata

def width(s):
    return sum(unicodedata.category(c) != "Mn" for c in s)
```

(सेकंड इयरच्या पायथॉनचा आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. असो.)

आता एक ओळ प्रत्यक्ष करून दाखवते. दुसऱ्या लेक्चरमध्ये सर म्हणतात, "सी, व्हेन वुई पुल धिस बार, स्ट्रेस ॲट एनी सेक्शन इज नथिंग बट फोर्स डिव्हायडेड बाय एरिया, ओरिजिनल एरिया." हे सगळं बरोबर पाच सेकंदांत! मी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द लावला. 'नथिंग बट' चं सुद्धा केलं, "याखेरीज दुसरं काहीही नाही" अशा अर्थाचं लांबलचक थाई. मोजलं तर ११४ चिन्हं. मर्यादा ८४. सेकंदाला २२.८. म्हणजे दोन्हीकडून नापास.

मग काट मारायला बसले. 'सी' गेलं, कारण सर पाहा म्हणतात तेव्हा त्यांचं बोट फळ्यावर असतंच, मुलगा पाहतोच आहे. 'नथिंग बट' गेलं. आपल्या सगळ्या सरांचं हे लाडकं वाक्य आहे, पण त्याचा अर्थ नुसता 'म्हणजे' एवढाच. थाईत ते शब्दशः ठेवलं तर सर काहीतरी कोडं घालताहेत असं वाटतं. एरिया दोनदा होता, तो एकदा केला. पण 'ओरिजिनल' मात्र काढायचा नाही! सर घाईत असूनही तो शब्द मागे वळून पुन्हा म्हणतात, त्यात कारण आहे. बार ओढला की तो बारीक होतो. आपण भागतो ते मूळच्या क्षेत्रफळाने. सगळ्या लेक्चरचा जीव त्या एका शब्दात. शेवटी उरलं ते असं:

```
41
00:06:12,400 --> 00:06:17,400
เมื่อเราดึงแท่งนี้ ความเค้นที่ทุกหน้าตัด
เท่ากับแรงหารด้วยพื้นที่หน้าตัดเดิม
```

"आपण हा दांडा ओढतो तेव्हा प्रत्येक छेदावरचा स्ट्रेस, बल भागिले छेदाचं मूळ क्षेत्रफळ, इतका असतो." वरच्या ओळीत ४० चिन्हं, खालच्या ३५, एकूण ७५. सेकंदाला १५. आणि जागा खाणारी पाहिली तर वर २८ आणि खाली २५ च, म्हणजे पडद्यावर ऐसपैस. या एका तुकड्याला मला चाळीस मिनिटं लागली. एका लेक्चरमध्ये असे तीनशेच्या आसपास तुकडे! दिवाळीचा हिशोब तिथेच कोलमडला.

ओळ कुठे तोडायची हेही लिहिलं पाहिजे, कारण तिथे थाईची खरी गंमत आहे. थाई लोक शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वर बघा, पहिल्या ओळीत एकच मोकळी जागा आहे, तीही आपण स्वल्पविराम देऊ तशी. बाकी सगळे शब्द एकमेकांना चिकटून. मैत्रिणींना सांगताना मी मराठीत लिहून दाखवलं, "तोफारजडआहे". सगळ्यांनी आधी 'तोफा' वाचलं. तोरण्याच्या पायथ्याशी वाचणारच! पुढे 'रजड' आलं की गाडी अडते आणि मग माणूस मागे येऊन 'तो फार जड आहे' असं वाचतो. थाई वाचणाऱ्याला सवय असते, तो अडत नाही. पण ओळ चुकीच्या जागी तोडली तर तोही अडतो. छेद याला थाई शब्द आहे 'ना-तत्'. 'ना' म्हणजे चेहरा किंवा समोरची बाजू, 'तत्' म्हणजे कापणे. वरची ओळ 'ना' वर संपली आणि 'तत्' खाली गेलं, की वाचणाऱ्याला आधी "समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ" दिसतं आणि खाली "कापलेलं मूळ" असं काहीतरी. दीड सेकंद गेला, आणि त्याच्याकडे असतात पाच. व्हिडिओ दाखवणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना हे शब्द कुठे संपतात ते कळत नाही, कारण त्यासाठी आत थाई शब्दकोश बसवलेला असावा लागतो. म्हणून मी प्रत्येक ओळ हाताने तोडली, आणि कुठलीही ओळ आपोआप तुटण्याइतकी लांब ठेवली नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र थाईने मला सांभाळून घेतलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सरांनी आलेखावर खडू टेकवून "कमी खाली आलं" म्हणेपर्यंत मराठी सबटायटल अजून कर्त्यापाशीच रेंगाळलं असतं. थाईत इंग्रजीसारखंच कर्ता, क्रियापद, कर्म. तुकडा जिथे इंग्रजीत संपतो तिथेच बहुधा संपवता येतो. फक्त विशेषणं नामाच्या मागून येतात, 'मूळ क्षेत्रफळ' ऐवजी 'क्षेत्रफळ मूळ', तेवढं सांभाळायचं. आणि सर फळा पुसतात ना, ते तीन-चार सेकंद म्हणजे माझी बचत बँक! आधीचा तुकडा तेवढा वेळ पडद्यावर टिकवायचा. मात्र सर पुढचं बोलायला लागले की तो गेलाच पाहिजे, नाहीतर कानाला एक आणि डोळ्याला दुसरं.

इथपर्यंत सगळं कष्टाचं होतं, पण चुकीचं नव्हतं. चूक झाली ती मला सगळ्यात सोपी वाटलेल्या गोष्टीत.

वरच्या तुकड्यात मी स्ट्रेससाठी 'ख्वाम खेन' हा शब्द वापरलाय. पण तो दुरुस्त केलेला तुकडा आहे. पहिल्यांदा मी तिथे लिहिलं होतं 'ख्वाम ख्रियत'. का? कारण मला तोच शब्द येत होता. थाईत ताण आला, टेन्शन आलं, परीक्षेने डोकं उठलं, तर म्हणतात 'ख्रियत'. शाळेत आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणायचो. सिस्टरांनी रोज स्ट्रेस म्हणजे काय ते दाखवलंच होतं! शब्दकोशात पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मग स्ट्रेनसाठी काय? मी लिहिलं 'कान यूत तुआ', म्हणजे लांबणं. वाचायला छान, कळायला सोपं. चार लेक्चर्स अशी करून पाठवून दिली आणि भोरला परत आले.

आता थाई इंजिनिअर काय म्हणतो ते ऐका. स्ट्रेस म्हणजे 'ख्वाम खेन'. 'खेन' म्हणजे पिळून, दाबून काढणे. आणि स्ट्रेन म्हणजे... 'ख्वाम ख्रियत'! म्हणजे रोजच्या भाषेत जो शब्द स्ट्रेसचा, तोच वर्कशॉपमध्ये स्ट्रेनचा. मी चार लेक्चर्सभर जिथे जिथे स्ट्रेस तिथे तिथे स्ट्रेन लिहून ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच ओळीला का नाही कुणाला कळलं? कारण माझी चूक बरोबर वाटत होती. हूकचा नियम घ्या. स्ट्रेस इज प्रपोर्शनल टु स्ट्रेन. माझं थाई वाचणाऱ्याला दिसत होतं, "स्ट्रेन हा लांबण्याच्या प्रमाणात असतो." हे तर खरंच आहे! मूळ लांबी तीच असेल तर स्ट्रेन लांबण्याच्या प्रमाणातच असतो. वाक्य खोटं असतं तर कुणीतरी हात वर केला असता. ते खरं होतं, फक्त हूकने ते सांगितलेलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीने आणि तिच्या वर्गातल्या चौघांनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं, आणि त्यांची चाचणी दहा दिवसांवर होती.

पकडलं कशाने, तर एका आकड्याने. चौथ्या लेक्चरमध्ये सर माइल्ड स्टीलच्या आलेखावर यील्ड पॉइंटला बोट ठेवतात. तिथला माझा तुकडा असा होता:

```
118
00:14:03,200 --> 00:14:07,000
ที่จุดครากนี้ ความเครียด
เท่ากับ 250 เมกะปาสคาล
```

रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. "ख्वाम ख्रियतला मेगापास्कल कसे काय? त्याला तर एकक नसतं ना?"

मी मेसेज वाचला आणि पोटात गोळाच आला. स्ट्रेन म्हणजे लांबी भागिले लांबी. त्याला एकक नाही. २५० मेगापास्कलचा स्ट्रेन जगात असू शकत नाही. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कल धरला तर त्या बिंदूला स्ट्रेन येतो २५० भागिले २,००,०००, म्हणजे ०.००१२५. खुद्द सरांनी पुढच्याच मिनिटाला हे गणित फळ्यावर केलंय आणि मी त्याचं सबटायटल केलंय! ४२ अक्षरं मोजत बसले होते, आकडा मात्र डोळ्यांसमोरून गेला तरी दिसला नाही.

तिला मी लगेच सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, पण तिने एक प्रश्न विचारला तो मला जास्त लागला. "बाकीच्यांनी पाठ केलंय. त्यांना आता काय सांगू?" दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून सांगितलं की सबटायटल्समधले दोन शब्द चुकलेत. माझी चूक, आणि उभी ती राहिली.

दुरुस्ती म्हणजे फाइंड-रिप्लेस, असं वाटेल. त्यातही क्रम आहे. आधी 'ख्रियत' चे सगळे 'खेन' करायचे, मग 'यूत तुआ' चे 'ख्रियत'. उलटं केलं तर दोन्ही एकच होऊन बसतात. दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल करताना फर्स्ट इयरला आपण सगळे जे करतो तेच. तेवढं मला सुचलं. जे सुचलं नाही ते असं. तिसऱ्या लेक्चरच्या शेवटी सर म्हणतात, "डोन्ट टेक स्ट्रेस, इट इज अ सिंपल चॅप्टर." तिथला 'ख्रियत' बरोबर होता, तो मनाचा ताण! रिप्लेसने त्याचाही 'खेन' झाला, आणि सर थाई विद्यार्थ्यांना "प्रति चौरस मिलिमीटर न्यूटन घेऊ नका" असं काहीसं सांगू लागले. वर्ग म्हणे खूप हसला. दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. एक मीटरचा दांडा ०.००१२५ स्ट्रेनला १.२५ मिलिमीटर लांबतो, हे सरांनी 'इलाँगेशन' म्हणून सांगितलंय, आणि तिथे 'यूत तुआ' हाच बरोबर शब्द. रिप्लेसने तिथेही स्ट्रेन बसला. स्ट्रेन, १.२५ मिलिमीटर! या वेळी मात्र मीच पकडलं, कारण आता मी प्रत्येक आकड्याचं एकक पाहत होते. मेगापास्कल दिसला की जवळचा शब्द 'खेन' हवा. मिलिमीटर दिसला की 'यूत तुआ'. नुसता आकडा दिसला की 'ख्रियत'. चारही फायली अशा एककांवरून तपासल्या. दोन रात्री गेल्या.

त्यानंतर मी आधी शब्दसूची केली, मग पाचव्या लेक्चरला हात लावला. हे शब्द ठरवायला थायलंडमध्ये एक राजमान्य संस्था आहे, रॉयल सोसायटी. तिने आणि तिच्या विद्वानांनी पाश्चात्त्य शब्दांना बरेचसे प्रतिशब्द संस्कृत-पालीतून घडवले. राजपुत्र वान यांचं नाव यात मोठं. त्यामुळे यादी करताना सारखे ओळखीचे चेहरे भेटत होते. गणित 'खनितसात', म्हणजे गणितशास्त्र. टेलिफोन 'थोरसप', दूरशब्द. तापमान 'उन्हफूम', उष्ण आणि भूमी. आणि इंजिनिअरिंग? 'वित्सवकाम'. विश्वकर्म! आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग आपल्या सुताराचंच की गं ते." त्याच आजीच्या दारातून राजगड दिसत नसला तरी हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथे राजधानी असलेल्या शिवाजी महाराजांनीच पुढे फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. तेव्हा राजाने शब्द ठरवून देणं आपल्याला नवीन नाही.

पण ठरवलेला शब्द आणि वर्गातला शब्द एकच असतो असं नाही. मॉड्युलस हा शब्द शाळेच्या फिजिक्सच्या पुस्तकात एका स्पेलिंगने, इंजिनिअरिंगच्या वर्गात दुसऱ्या. यंग साहेबांचं तर हाल आहेत, कारण त्यांच्या नावाचं थाई रूप म्हणजे नेमका 'अजून' या अर्थाचा रोजचा शब्द. चिकटून लिहिलेल्या ओळीत 'अजूनचा मॉड्युलस' वाचला जातो! शेवटी मी मैत्रिणीकडून त्यांच्या वर्गातल्या पुस्तकाच्या सूचीचे फोटो मागवले आणि त्यातले शब्द पक्के धरले. कोश कितीही मोठा असो, तिचा पेपर तपासणारे सर त्या पुस्तकातून शिकवतात.

आणि मराठी? मराठी विश्वकोशात स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती आहे. वर्गात आपण दोन्ही इंग्रजीत म्हणतो, आणि घरी आई विचारते तेव्हा दोन्हीला 'ताण'. २०२१-२२ पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे. उद्या याच लेक्चर्सना कुणी मराठी ओळी लिहायला बसलं, तर टेन्शन, स्ट्रेस आणि स्ट्रेन या तिघांना एकच 'ताण' लावण्याचा मोह होणार. माझं तर झालंच होतं.

तिची चाचणी झाली. हूकच्या नियमावर प्रश्न होता, तिने बरोबर लिहिला. वर्गातल्या एकाने मात्र माझं जुनंच वाक्य लिहिलं, आणि त्याचे गुण गेले. त्याला मी ओळखत नाही.

सध्या नववं लेक्चर चालू आहे, बीम आणि बेंडिंग मोमेंट. जुन्या चार फायली तपासून परत पाठवल्या तेव्हा मी पुन्हा वेल्ह्यालाच होते, पडवीच्या कोपऱ्यात, फोन उंच धरून. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. "सगळं बरोबर. फक्त तिसऱ्यात एक ओळ ४३ ची झालीये." 'यूत तुआ' ची नऊ चिन्हं जाऊन 'ख्वाम ख्रियत' ची दहा आली होती, त्यातलं एक जास्त. तिच्या पडद्यावर मावतेय का विचारलं. मावतेय म्हणाली. मी ती तशीच ठेवली.